ठोक्याठोक्याने पुढे सरकणारे आकडे : सिस्टॉलिक रचनेची कथा

संगणक संथ का पडतो, असे विचारले तर बहुतेक जण उत्तर देतात की, त्याचा गुणाकार-बेरजा करण्याचा वेग कमी पडतो. पुष्कळदा दोष तेथे नसतो. गणित करणारा भाग मोकळा बसलेला असतो आणि आकडे अजून स्मृतीतून येत असतात. ही अडचण नीट ओळखून तिच्यावर एक सुबक तोडगा १९७८ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात एच. टी. कुंग आणि त्यांचे विद्यार्थी चार्ल्स लायसरसन यांनी मांडला. त्याला त्यांनी ‘सिस्टॉलिक अ‍ॅरे’ असे नाव दिले. हृदयाच्या आकुंचनाला वैद्यकात ‘सिस्टोल’ म्हणतात. त्यावरून हे नाव आले.

अडचण किती मोठी आहे, हे मॅट्रिक्सच्या गुणाकारावरून चांगले कळते. १०० ओळी व १०० स्तंभ असलेले दोन मॅट्रिक्स घ्या. दोहोंत मिळून आकडे २०,००० आहेत. उत्तरातही १०० × १०० स्थाने आहेत आणि प्रत्येक स्थानासाठी १०० गुणाकार लागतात. म्हणजे एकूण १० लाख गुणाकार. दर गुणाकाराला दोन आकडे स्मृतीतून नव्याने आणायचे ठरवले, तर स्मृतीकडे २० लाख फेऱ्या होतात. वास्तविक आकडे २०,०००च आहेत! प्रत्येक आकडा १०० वेळा लागतो आणि आपण तो १०० वेळा आणतो. वाया जाते ते येथे.

कुंग यांनी १९८२ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध लेखात याचा हिशेब सोप्या आकड्यांत दिला आहे. स्मृतीतून सेकंदाला १ कोटी बाइट येत असतील आणि प्रत्येक क्रियेला २ बाइट लागत असतील, तर गणित करणारा भाग कितीही वेगवान असला तरी सेकंदाला ५० लाखांपेक्षा अधिक क्रिया होणार नाहीत. त्या एका भागाऐवजी असे सहा भाग रांगेत ठेवले आणि स्मृतीतून आलेला आकडा एकाकडून दुसऱ्याकडे देत गेलो, तर त्याच स्मृतीवर ३ कोटी क्रिया होऊ शकतात. स्मृतीचा वेग वाढवलेला नाही. फक्त आणलेल्या आकड्याचा वापर सहापट केला आहे.

वर्गातली उपमा द्यायची, तर आकडा लिहिलेली एक चिठ्ठी पहिल्या बाकावर द्यावी; तेथल्या मुलाने तो आकडा आपल्या गणितात वापरावा आणि चिठ्ठी मागच्या बाकावर द्यावी. शिक्षकांनी प्रत्येक बाकापाशी जाण्याची गरज नाही. मात्र सर्व मुलांनी एकाच टाळीवर चिठ्ठ्या पुढे द्यायला हव्यात. कुंग यांच्या उपमेत स्मृती हे हृदय आहे. ते ठरावीक ठोक्याने आकडे ढकलते. ते आकडे अनेक पेशींमधून जातात आणि मगच परत येतात. पेशी म्हणजे गणना करणारा लहान घटक, ‘प्रोसेसिंग एलिमेंट’. त्याचे काम एवढेच : आलेल्या दोन आकड्यांचा गुणाकार करायचा, तो स्वतःजवळच्या बेरजेत मिळवायचा आणि आकडे शेजाऱ्याला द्यायचे.

१९७८ हे वर्षही येथे महत्त्वाचे आहे. त्या वर्षी बाजारात आलेल्या इंटेल ८०८६ या चिपवर सुमारे २९,००० ट्रान्झिस्टर होते आणि ही संख्या वाढतच जाणार, हे स्पष्ट दिसत होते. पण इतके ट्रान्झिस्टर जोडण्याचा आराखडा करणे जिकिरीचे होते. शिवाय चिपवरील लांब तारा जागाही खात आणि वेळही. सिस्टॉलिक रचनेत एकाच पेशीचा आराखडा करून तो पुनःपुन्हा मांडायचा असतो, आणि तारा फक्त शेजाऱ्यापर्यंत जातात.

आता एक उदाहरण ठोक्याठोक्याने पाहू. कुंग व लायसरसन यांच्या मूळ मांडणीत पेशी षट्कोनी जाळीत होत्या. आपण त्याहून सोपी चौकोनी रचना घेऊ. पहिल्या मॅट्रिक्सच्या ओळी (१, २) आणि (३, ४) आहेत. दुसऱ्याच्या ओळी (५, ६) आणि (७, ८). चार पेशी आहेत : वरच्या ओळीत डावीकडे क व उजवीकडे ख, खालच्या ओळीत डावीकडे ग व उजवीकडे घ. पहिल्या मॅट्रिक्सचे आकडे डावीकडून शिरून उजवीकडे सरकतात. दुसऱ्याचे वरून शिरून खाली सरकतात. बेरीज मात्र पेशीतच साठत राहते.

एक गोष्ट ध्यानात ठेवायची. वरच्या ओळीचे १, २ हे पहिल्या व दुसऱ्या ठोक्याला आत येतात; खालच्या ओळीचे ३, ४ मात्र एक ठोका उशिरा, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या ठोक्याला. तसेच पहिल्या स्तंभाचे ५, ७ वेळेवर येतात आणि दुसऱ्या स्तंभाचे ६, ८ एक ठोका उशिरा.

पहिला ठोका : क पेशीत डावीकडून १ व वरून ५ येतो. तिची बेरीज ५ होते. बाकीच्या तीन पेशी रिकाम्या आहेत.

दुसरा ठोका : क कडील १ हा ख कडे आणि ५ हा ग कडे जातो. क मध्ये नवे २ व ७ येतात; बेरीज ५ + १४ = १९. ख मध्ये १ ला वरून आलेला ६ भेटतो, बेरीज ६. ग मध्ये ५ ला डावीकडून आलेला ३ भेटतो, बेरीज १५.

तिसरा ठोका : ख मध्ये २ व ८ येतात; ६ + १६ = २२. ग मध्ये ४ व ७ येतात; १५ + २८ = ४३. घ मध्ये ग कडून ३ आणि ख कडून ६ येतो, बेरीज १८. क चे काम संपले आहे.

चौथा ठोका : घ मध्ये ४ व ८ येतात; १८ + ३२ = ५०.

उत्तराच्या ओळी (१९, २२) आणि (४३, ५०) झाल्या. कागदावर नेहमीच्या रीतीने गुणाकार करून ताळा पाहावा. गुणाकार आठ झाले, म्हणजे सोळा आकडे लागले. पण स्मृतीतून आठच आले. प्रत्येक आकडा एकदाच आला आणि दोन पेशींत वापरला गेला. १०० × १०० च्या रचनेत तो १०० पेशींत वापरला जाईल.

उशीर कशासाठी, हे तो काढून टाकल्यावर कळते. समजा, खालच्या ओळीचे ३ व ४ एक ठोका आधीच सोडले. मग पहिल्या ठोक्याला ग मध्ये ३ येतो, पण वरून यायचा ५ अजून क मध्येच आहे. दुसऱ्या ठोक्याला ५ येतो तेव्हा त्याला ४ भेटतो; बेरीज २०. तिसऱ्या ठोक्याला ७ येतो आणि त्याला जोडीदारच नाही. ग मध्ये ४३ ऐवजी २० राहतात आणि त्याच कारणाने घ मध्ये ५० ऐवजी २४. वरच्या ओळीतले १९ व २२ मात्र बरोबरच असतात. कोणत्याही पेशीने गुणाकार चुकवलेला नाही, कोणताही आकडा हरवलेला नाही. केवळ भेटी चुकल्या. उत्तराची एक अख्खी ओळ चुकीची आणि बाकीचे सारे बरोबर असे दिसले, तर त्या ओळीच्या प्रवेशाची वेळ प्रथम तपासावी. अख्खा स्तंभ चुकला असेल, तर वरून येणाऱ्या आकड्यांची.

या रचनेची किंमतही उदाहरणातच दिसते. चार पेशी, चार ठोके, म्हणजे कामाच्या सोळा संधी होत्या. त्यांतल्या आठच वापरल्या गेल्या. ३ × ३ च्या गुणाकाराला सात ठोके लागतात. नऊ पेशींना मिळून ६३ संधी मिळतात आणि गुणाकार २७च असतात. आरंभी रचना भरण्यात आणि अखेरीस रिकामी होण्यात ठोके जातात. उपाय असा की, एक गुणाकार संपण्याची वाट न पाहता दुसऱ्याचे आकडे मागोमाग सोडायचे. क पेशी तिसऱ्या ठोक्यालाच नव्या कामाला मोकळी आहे. फक्त तिच्यातले १९ बाहेर नेण्याची वेगळी वाट हवी. काम अखंड येत राहिले तरच पेशी गुंतून राहतात. मूळ षट्कोनी रचनेत तर प्रत्येक पेशी तीन ठोक्यांतून एकदाच काम करी.

पुढे कुंग यांच्या मार्गदर्शनाखाली कार्नेगी मेलनमध्ये १९८० च्या दशकात ‘वॉर्प’ हे यंत्र बांधले गेले. त्यात दहा पेशी एका रांगेत होत्या आणि प्रत्येक पेशी सेकंदाला १ कोटी दशांश क्रिया करू शके. इंटेलच्या सहकार्याने १९९० च्या सुमारास ‘आयवॉर्प’ आले. तरीही ही रचना सर्वसामान्य संगणकांत रुळली नाही. प्रत्येक प्रश्नासाठी आकड्यांच्या वाटा व वेळा नव्याने ठरवाव्या लागत आणि तोवर साधे प्रोसेसर वर्षागणिक वेगवान होत होते. खास यंत्र बांधण्यापेक्षा थोडे थांबणे स्वस्त पडे.

ती पुन्हा पुढे आली, ती मॅट्रिक्सचा गुणाकार हेच मुख्य काम असलेल्या एका क्षेत्रामुळे. गूगलने न्यूरल नेटवर्कच्या गणितासाठी ‘टेन्सर प्रोसेसिंग युनिट’ ही चिप २०१५ पासून आपल्या केंद्रांत वापरली आणि २०१७ साली तिचा तपशील प्रसिद्ध केला. तिच्यात २५६ × २५६, म्हणजे ६५,५३६ पेशींचा चौकोन असून ठोके सेकंदाला ७० कोटी पडतात. गुणाकार व बेरीज वेगवेगळ्या मोजल्या तर सेकंदाला सुमारे ९२ लक्ष कोटी क्रिया होतात. आपल्या उदाहरणाहून तिच्यात एक फरक आहे : तेथे एका मॅट्रिक्सचे आकडे पेशींत बसून राहतात आणि अर्धवट झालेल्या बेरजा खाली सरकत जातात. स्मृतीकडे कमी वेळा जावे लागल्याने वीजही वाचते. कारण मोठ्या स्मृतीतून आकडा वाचण्याला प्रत्यक्ष गणितापेक्षा अधिक ऊर्जा लागते.

पण त्याच तपशिलात असेही दिसले की, तपासलेल्या सहा कामांपैकी चार कामांत वेग स्मृतीमुळेच अडला. त्या कामांत आणलेला आकडा पुरेशा वेळा वापरलाच जात नव्हता. कुंग यांचा १९८२ सालचा हिशेब येथेही लागू पडतो : प्रत्येक आकडा किती वेळा उपयोगी पडतो, यावरच पेशींचा उपयोग ठरतो. एखादे गणित या रचनेवर टाकण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच.

वर्गात हा प्रयोग नऊ विद्यार्थी, आकड्यांच्या १८ चिठ्ठ्या आणि टाळी वाजवणारा एक जण एवढ्यावर करता येतो. ३ × ३ च्या मांडणीत मुलांना उभे करावे. दुसरी ओळ व दुसरा स्तंभ एक टाळी उशिरा, तिसरी ओळ व तिसरा स्तंभ दोन टाळ्या उशिरा सोडावा. सातव्या टाळीला उजव्या कोपऱ्यातल्या शेवटच्या मुलाची बेरीज पूर्ण झाली पाहिजे. मग मुद्दाम एका ओळीचा उशीर काढून टाकावा आणि कोणाकोणाची उत्तरे चुकतील, हे मुलांना टाळ्या सुरू होण्याआधी सांगायला लावावे.