कोशीचे अर्धवर्तुळ : एक संकलन आणि नाहीसा होणारा कंस

22 ऑगस्ट 1814. पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ऑगस्टीन-लुई कोशी या पंचविशीच्या अभियंत्याने निश्चित संकलनांवरील एक प्रदीर्घ निबंध वाचला. तो छापून यायला 1827 साल उजाडले. त्याच्या प्रस्तावनेतील तक्रार मात्र लक्षात राहण्याजोगी आहे. ऑयलर आणि लाप्लास यांनी कित्येक संकलनांच्या किमती वास्तव संख्यांतून काल्पनिक संख्यांत उडी मारून काढल्या होत्या. उत्तरे बरोबर येत, पण ती का बरोबर येतात याचे उत्तर नव्हते. कोशीला हवी होती ती सिद्धता.

उदाहरण लाप्लासच्याच परिचयाचे घेऊ.

∫ cos x/(1+x²) dx, x = −∞ ते ∞

सीमा अनंत आहेत, आणि प्राथमिक फलांत याचे प्रतिविकलज लिहिता येत नाही. बारावीत शिकलेली कुठलीही युक्ती येथे चालत नाही, हे मी कागदावर करून पाहिले आहे. एक गोष्ट मात्र आधीच ठाऊक आहे. cos x ची किंमत 1 च्या पुढे जात नाही आणि ∫ 1/(1+x²) dx = π, म्हणून आपले उत्तर 3.14 पेक्षा मोठे असूच शकत नाही. ही मर्यादा ध्यानात ठेवावी.

कोशीने 1825 च्या निबंधात संमिश्र संख्यांच्या प्रतलावरील मार्गांचा विचार मांडला आणि 1826 मध्ये ‘रेसिड्यू’, म्हणजे अवशेष, हा शब्द रूढ केला. त्या विचाराचे सार असे : प्रतलात बंद मार्गाने एक फेरी मारली आणि आत फल कोठेही बिघडत नसेल, तर संकलन शून्य येते. आत एखाद्या बिंदूपाशी फल अनंताकडे झेपावत असेल, तर तेथील अवशेष गुणिले 2πi एवढेच हाती उरते. स्वतः कोशीने सुरुवातीला आयत वापरले. आज पाठ्यपुस्तकांत दिसते ते अर्धवर्तुळ.

तर −R पासून R पर्यंत वास्तव अक्षावरून जावे आणि R त्रिज्येच्या वरच्या कंसावरून परत यावे. 1+z² शून्य होते ते z = i आणि z = −i येथे. R हा 1 पेक्षा मोठा असेल तर आत सापडतो तो केवळ i.

येथेच नवखा फसतो. cos z/(1+z²) असेच फल घेतले तर i पाशी अवशेष cosh 1/(2i) येतो आणि उत्तर π cosh 1, म्हणजे सुमारे 4.85. आपली मर्यादा 3.14 होती! चूक अवशेषात नाही, कंसात आहे. z = x+iy मध्ये y वाढला की cos z चा आकार e^y/2 च्या वेगाने फुगतो. R मोठा केला तरी कंसावरचे संकलन विरत नाही, आणि आपण मात्र ते शून्य धरून बसलो.

म्हणून e^(iz)/(1+z²) घ्यावे आणि शेवटी वास्तव भाग निवडावा. e^(iz) चा आकार e^(−y) आहे, आणि वरच्या अर्धप्रतलात तो 1 च्या पुढे जात नाही. (खालचे अर्धवर्तुळ निवडले असते तर तोच फुगला असता. मार्ग फलाकडे पाहूनच निवडावा लागतो.) कंसावर |1+z²| किमान R²−1 आहे आणि कंसाची लांबी πR. म्हणून कंसाचा वाटा πR/(R²−1) पेक्षा अधिक नाही. R = 10 असता ही मर्यादा सुमारे 0.32, R = 1000 असता 0.0031. कंस खरोखर विरतो, आणि आता ते म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे.

i पाशी अवशेष e^(−1)/(2i). त्याला 2πi ने गुणले की π/e, म्हणजे सुमारे 1.16. मर्यादेच्या आत!

पण अंशात आणखी एक x आला, तर? ∫ x sin x/(1+x²) dx घ्या. लांबी गुणिले कमाल किंमत हा हिशेब आता πR²/(R²−1) देतो, आणि R कितीही वाढवला तरी तो π च्या खाली उतरत नाही. याचा अर्थ कंस विरत नाही असा नव्हे. आपला अंदाजच ढोबळ आहे. कंसाचा बहुतेक भाग अक्षापासून उंच असतो आणि तेथे e^(−y) नगण्य असतो. अडचण फक्त दोन टोकांपाशी आहे. कामील जॉर्डन या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी उपपत्ती नेमके हेच मोजते. 0 ते π/2 मध्ये sin θ ≥ 2θ/π, कारण साइनचा वक्र तेथे आपल्या जीवेच्या वर राहतो. त्यावरून e^(−R sin θ) चे 0 ते π मधील संकलन π/R पेक्षा लहान निघते. त्याला R²/(R²−1) ने गुणले की मर्यादा पुन्हा πR/(R²−1) होते, अगदी आधीचीच. कंस विरला.

या वेळी काल्पनिक भाग निवडायचा. उत्तर पुन्हा π/e.