स्टेपनी किती ठेवायच्या?

स्पेअर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा गाडीची स्टेपनी येते. पंक्चर झालं की स्टेपनी चढवायची, फाटका टायर पंक्चरवाल्याकडे टाकायचा, आणि संध्याकाळी तो दुरुस्त होऊन परत डिकीत. म्हणजे बघा, ती स्टेपनी आपण 'वापरून संपवत' नाही. ती फक्त पंक्चरवाल्याकडे टायर पडून असतो तेवढा वेळ भरून काढते. नेमक्या त्याच वेळात दुसरं चाक बसलं, तर मात्र आपण रस्त्याच्या कडेला उभे.

चार चाकांच्या गाडीत हा हिशोब कुणी करत नाही. पण समजा तुमच्याकडे काही डझन विमानं आहेत, प्रत्येकात एक रडारचा डबा आहे, आणि डबा बिघडला की तो कार्यशाळेत जाऊन परत यायला सरासरी ४० दिवस लागतात. सगळ्या विमानांत मिळून दर १० दिवसांनी सरासरी एक डबा बिघडतो. तर जादा डबे किती विकत घ्यायचे? एकेका डब्याची किंमत हजारो डॉलर. कमी घेतले तर विमान जमिनीवर, जास्त घेतले तर पैसे गोदामात धूळ खात पडलेले. एका डब्यापुरता प्रश्न छोटाच वाटतो, पण अमेरिकन हवाई दलाकडे असे हजारो प्रकारचे सुटे भाग होते. त्याचं उत्तर कुठून आलं ही गोष्ट मला फार आवडते, कारण ती विमानांपासून सुरूच होत नाही. ती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीपासून सुरू होते.

आधी साधा गुणाकार करून घेऊ. रोज ०.१ डबा बिघडतो, ४० दिवस दुरुस्तीत जातात, म्हणजे कुठल्याही दिवशी कार्यशाळेच्या वाटेवर किंवा टेबलावर सरासरी ४ डबे असणार. मग ४ स्पेअर घ्या, झालं काम! पहिल्यांदा हा विचार केला की प्रत्येकाला हेच वाटतं. पण ४ ही सरासरी आहे. काही दिवस दुरुस्तीत २ असतील, काही दिवस ७. ज्या दिवशी ७ असतील त्या दिवशी ४ स्पेअर संपलेले असतील आणि ३ विमानं डब्याविना उभी असतील. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीत दोनच डबे असले, तरी कालच्या ओढाताणीची भरपाई होत नाही. म्हणून सरासरीवर भागत नाही, तिच्या आजूबाजूचं वर-खाली होणं किती आहे ते कळायला हवं.

आता कोपनहेगन. आग्नर क्रारूप एरलांग हा डॅनिश गणितज्ञ १९०८ साली तिथल्या टेलिफोन कंपनीत लागला. त्याच्यासमोरचा प्रश्न असा: लोक मनाला येईल तेव्हा फोन लावतात, मनाला येईल तितका वेळ बोलतात, मग एक्स्चेंजमध्ये लाइनी किती टाकायच्या? १९०९ मध्ये त्याने दाखवलं की असे यदृच्छेने येणारे कॉल पॉयसाँचं वितरण पाळतात, आणि १९१७ मध्ये त्याने ते प्रसिद्ध सूत्र दिलं ज्यावरून किती कॉल्सना लाइन मिळणार नाही हे काढता येतं. पुढे १९३८ मध्ये कॉनी पाम या स्वीडिश इंजिनियरने हाच धागा पुढे नेला.

पामच्या नावाने ओळखलं जाणारं प्रमेय काय सांगतं? बिघाड (किंवा कॉल) यदृच्छेने, ठरावीक सरासरी दराने येत असतील, आणि प्रत्येकाला लागणारा वेळ इतरांवर अवलंबून नसेल, तर एका क्षणी 'आत' असलेल्यांची संख्यासुद्धा पॉयसाँ वितरण पाळते. तिची सरासरी म्हणजे आपला तोच गुणाकार, दर गुणिले सरासरी वेळ. आणि गंमत पुढेच आहे: त्या वेळेचं वितरण कसं आहे याने काहीही फरक पडत नाही! प्रत्येक डबा मोजून ४० दिवसांत येवो, किंवा अर्धे १० दिवसांत आणि अर्धे ७० दिवसांत येवोत, दुरुस्तीत एकाच वेळी ७ डबे असण्याची शक्यता दोन्हीकडे सारखीच.

हे मला आधी पटेना. मग असा विचार केला. आज दुरुस्तीत असलेले डबे म्हणजे पूर्वी कधीतरी बिघडलेले, पण अजून परत न आलेले डबे. ३० दिवसांपूर्वी बिघडलेला डबा आजही आत असण्याची काहीतरी शक्यता आहे, ५० दिवसांपूर्वीच्याची वेगळी शक्यता. म्हणजे प्रत्येक जुन्या दिवसाचे बिघाड आपण एका चाळणीतून गाळतोय. यदृच्छेने आलेल्या गोष्टी गाळल्या तरी यदृच्छच राहतात, आणि सगळ्या दिवसांची बेरीजसुद्धा तशीच राहते. चाळणीचा आकार बदलला तरी एकूण किती उरतात ते फक्त सरासरी वेळेवर ठरतं. टेलिफोनच्या भाषेत, डबा म्हणजे कॉल आणि कार्यशाळा म्हणजे कधीच न संपणाऱ्या लाइनी.

व्यवहारात याचा फायदा प्रचंड आहे. दुरुस्तीच्या वेळांचा आलेख काढत बसायची गरज नाही. नोंदवहीतून दोनच आकडे काढायचे, बिघाडाचा दर आणि सरासरी वेळ. अट एवढीच की 'वेळ' म्हणजे विमानातून डबा निघाल्यापासून तो परत वापरायला तयार होईपर्यंतचा सगळा वेळ. पॅकिंग, ट्रकचा प्रवास, कागदपत्रं, टेबलावर नंबर लागेपर्यंतची वाट, सगळं त्यात आलं. स्क्रू-ड्रायव्हर हातात धरल्याचे चार तास मोजून हिशोब केला तर तो साफ चुकतो.

आपल्या डब्याचा हिशोब आता पुरा करू. स्पेअर नसल्यामुळे सरासरी किती विमानं उभी राहतील (यालाच तिकडे बॅकऑर्डर म्हणतात) ते हे चिमुकलं पायथन सांगतं:

```python
from math import exp
m = 4.0
p = exp(-m); below = 0.0; ebo = m
for s in range(9):
    print(s, round(ebo, 2))
    below += p
    ebo -= 1 - below
    p *= m / (s + 1)
```

४ स्पेअरला उत्तर येतं ०.७८. म्हणजे सरासरी पाऊण विमान कायम उभं, आणि साधारण ३७ टक्के दिवस निदान एक तरी विमान अडकलेलं. ७ स्पेअर घेतले तर हेच ०.०८ वर येतं आणि अडकण्याचे दिवस ५ टक्क्यांवर. आता दुसरी बाजू बघा. दुरुस्तीचा वेळ ४० वरून २० दिवस केला तर सरासरी २ होते, आणि जवळजवळ तेवढंच संरक्षण ४ स्पेअरमध्ये मिळतं. तीन डब्यांचे पैसे वाचले, फक्त ट्रक लवकर निघाल्यामुळे! उलट पसारा दहापट मोठा असेल, सरासरी ४० असेल, तर ७० स्पेअर लागत नाहीत, सुमारे ५० पुरतात. वेगवेगळ्या तळांचे साठे एकत्र ठेवण्यात फायदा असतो तो यामुळेच.

ही सगळी सामग्री १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका इथल्या रँड संस्थेत एकत्र आली. हवाई दलासाठी अभ्यास करणारी ही मंडळी. तिथल्या फीनी आणि क्रेग शेरब्रुक यांनी १९६६ मध्ये पामचं प्रमेय घोळक्याने येणाऱ्या मागणीलाही लागू करून दाखवलं, आणि त्याच वर्षी शेरब्रुकने 'मेट्रिक' नावाचं मॉडेल मांडलं. त्याचा गाभा दोन गोष्टींत आहे.

एक, हवाई तळ आणि मध्यवर्ती डेपो यांची साखळी. तळावर न जमणारी दुरुस्ती डेपोकडे जाते आणि डेपो आपल्या साठ्यातून बदली डबा पाठवतो. डेपोत डबा असेल तर तळाला फक्त प्रवासाचा वेळ मोजायचा, नसेल तर वर आणखी वाट. ती वाट किती, हे सुरेख निघतं: डेपोत सरासरी २ मागण्या थकलेल्या असतील आणि रोज ०.५ मागणी येत असेल, तर सरासरी उशीर ४ दिवस. (१९६१ मध्ये जॉन लिटलने सिद्ध केलेला नियम तो हाच. सर्व्हरच्या रांगा मोजणाऱ्या आपल्या मंडळींना तो पाठच असतो.) हे ४ दिवस तळाच्या वेळेत मिळवायचे आणि पुन्हा पाम लावायचा.

दोन, पैसे कुठे घालायचे. पूर्वीची पद्धत प्रत्येक भागाला सारखंच ९५ टक्के संरक्षण देण्याची. शेरब्रुक म्हणाला, पुढचा डॉलर जिथे सर्वांत जास्त बॅकऑर्डर कमी करतो तिथे घाला. आपला डबा ५,००० डॉलरचा धरू. त्याचा सातवा नग ०.११ बॅकऑर्डर कमी करतो. दुसरा एक भाग ५०,००० डॉलरचा, सरासरी १ नग दुरुस्तीत, जवळ १ स्पेअर. त्याचा दुसरा नग ०.२६ कमी करतो. वरवर दुसरा भारी वाटतो, पण दर डॉलरमागे पहिला चौपट काम करतो. म्हणून स्वस्त भाग भरपूर, महाग भाग जपून. माझ्या मते खरी हुशारी इथे आहे. 'मागितल्याबरोबर किती वेळा मिळालं' हा आकडा मोजला असता तर हे जमलंच नसतं, कारण त्यात एक दिवस थांबलेलं आणि महिनाभर थांबलेलं विमान सारखंच धरलं जातं.

पुढे मेट्रिकमधली एक फट उघडी पडली. डेपोचा साठा संपला की ओळीने येणाऱ्या सगळ्याच मागण्या रखडतात, म्हणजे त्यांचे उशीर एकमेकांत गुंतलेले असतात. मेट्रिक मात्र सरासरी उशीर घेऊन ते स्वतंत्र धरतं, त्यामुळे बॅकऑर्डर खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. १९८५ मध्ये ग्रेव्ह्जने आणि १९८६ मध्ये खुद्द शेरब्रुकने 'व्हॅरी-मेट्रिक'मध्ये सरासरीबरोबर चढउतारही पुढे नेऊन ते दुरुस्त केलं.

दुसरी फट मात्र सूत्राने बुजत नाही. पामच्या कार्यशाळेत टेबलं अमर्याद आहेत, खरीत तपासणीचं यंत्र एखादंच असतं. बिघाड वाढले की रांग लागते आणि ४० दिवसांचे ६० होतात, अगदी स्पेअरची सर्वांत गरज असते तेव्हाच. हे ओळखायचं कसं? नोंदवहीत प्रत्येक डब्याच्या वेळेशेजारी तो आला तेव्हा आधीच किती डबे आत होते ते लिहायचं. त्या दोन रकान्यांत काही नातं दिसत नसेल तर वरचं गणित खुशाल वापरा. गर्दीबरोबर वेळही वाढताना दिसला, तर आठवा स्पेअर घेण्याआधी दुसऱ्या तपासणी यंत्राची किंमत विचारून बघा.