49 मिनिटं

(सर्व वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार.)

12 मे 2021. फास्टली ही सॅन फ्रान्सिस्कोची सीडीएन कंपनी आपल्या सर्व्हरांवर नवं सॉफ्टवेअर चढवायला सुरुवात करते. त्यात एक बग आहे. एखाद्या ग्राहकाने विशिष्ट सेटिंग, विशिष्ट परिस्थितीत केली तरच तो जागा होणार. चाचण्यांत तो सापडत नाही.

पुढचे 27 दिवस. काहीच घडत नाही. साइट झपाट्याने उघडतात. साइटचा मूळ सर्व्हर लंडनला असेल, तर तो मुंबईपासून साधारण 7,200 किलोमीटरवर. काचेच्या तारेतून प्रकाशालाही जाऊन यायला 70 मिलिसेकंदांच्या वर लागतात, आणि एक पान उघडायला अशा बऱ्याच फेऱ्या होतात. म्हणून पानाची प्रत वाचकाच्या जवळच्या शहरात ठेवायची, हा सीडीएनचा धंदा. जितक्या जास्त विनंत्या त्या प्रतीवर भागतात, तितका मूळ सर्व्हर लहान चालतो, आणि बिलही कमी येतं. हिशोब चोख असतो. पण तो नेहमीच्या दिवसाचा असतो.

8 जून, दुपारी 3 च्या सुमारास. लंडनमध्ये सकाळचे साडेदहा, सॅन फ्रान्सिस्कोत मध्यरात्र उलटून अडीच तास. फास्टलीचा एक ग्राहक आपली सेटिंग बदलतो. बदल नियमात बसणारा आहे. ग्राहकाने केलेली सेटिंग काही सेकंदांत जगभरच्या केंद्रांवर पोचते. लोक या सेवेकडे येतात त्याचं हे एक कारण.

3:17. फास्टलीच्या जाळ्याचा 85 टक्के भाग चुका परत पाठवू लागतो. गार्डियन, न्यूयॉर्क टाइम्स, रेडिट, ब्रिटिश सरकारचं संकेतस्थळ: पांढऱ्या पानावर `Error 503 Service Unavailable`, खाली `Varnish cache server`. या साइटांचे मूळ सर्व्हर धडधाकट आहेत. त्यांच्यापर्यंत कुणी पोचतच नाही.

3:18. फास्टलीच्या देखरेख यंत्रणेला बिघाड दिसतो. एक मिनिट लागलं.

3:28. स्थितिपानावर पहिली सूचना: सीडीएन सेवेच्या कामगिरीवर परिणाम होत असण्याची शक्यता तपासतो आहोत. अर्धं जग बंद पडल्यावर ‘शक्यता’ हा शब्द जरा सौम्यच.

ज्यांनी दुसरी सीडीएन तयार ठेवली आहे त्यांना आता तिकडे वळता येईल. डीएनएसमधली एक ओळ बदलायची:

```
www.example.com. 86400 IN CNAME shop.cdn.example.
```

मधला आकडा सेकंदांचा. 86400 म्हणजे एक दिवस. साइट उभारताना कुणीतरी तो तसाच राहू दिलेला असतो, कारण पत्ता रोज कुठे बदलतो. आता ओळ बदलली तरी ज्या इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरने 3:10 ला हा पत्ता विचारून ठेवला, तो उद्या 3:10 पर्यंत जुनाच सांगत राहू शकतो. तिथे 300 असतं, तर पाच मिनिटांचा प्रश्न होता. पण हा आकडा आज, बिघाड सुरू झाल्यावर, कमी करून उपयोग नाही. तो काल कमी असायला हवा होता.

कॅशमध्ये ‘मूळ सर्व्हर बंद पडला तर शिळी प्रत दाखवा’ अशी सोय असते, `stale-if-error` नावाची. ती इथे कामी येत नाही. शिळी प्रत ज्याने वाढायची, तोच पडला आहे.

3:57. दोषाला कारण ठरलेली ग्राहकाची सेटिंग अभियंत्यांना सापडते. ती बंद केली जाते.

4:06. सेवा उठू लागते. 49 मिनिटांत जाळ्याचा 95 टक्के भाग ठीक झाल्याचं फास्टली नंतर सांगेल.

4:27. नवी सूचना: मूळ सर्व्हरांवर भार वाढू शकतो. समजा, एखाद्या दुकानाच्या 100 पैकी 95 विनंत्या कॅशवर भागत होत्या. मूळ सर्व्हर पाचांच्या मापाचा घेतला. आता कॅश थंड, प्रती नव्याने भरायच्या, आणि तासभर ताटकळलेले गिऱ्हाईक एकदम दारात. त्या शंभरांतल्या 50 विनंत्या मूळ सर्व्हरवर गेल्या, तरी भार दहापट. सीडीएन उठल्यावर साइट बसते ती अशी. मालकाला वाटतं, बिघाड अजून सुरूच आहे. ओळखायची खूण सोपी: आता चुका मूळ सर्व्हरच्याच नोंदींत दिसतात. 3:17 नंतर तिथे शांतता होती.

4:30. बहुतेक सेवा सुरळीत.

6:05. घटना आटोक्यात.

रात्री 10:55. बगवरची दुरुस्ती सर्व्हरांवर चढू लागते. या प्रकाराची कल्पना आपल्याला आधी यायला हवी होती, असं कंपनी लिहिते. ग्राहकाचं नाव ती सांगत नाही. त्याने चुकीचं काही केलेलं नव्हतं.