गाण्याचा शेवट हळूहळू विरत जातो, तेव्हा शेवटच्या चार ओळी कशा लिहितात?

गाणं संपत आलंय. गायिका एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतेय आणि आवाज कमी कमी होत नाहीसा होतो. गाणं नेमकं कुठे संपलं, हे सांगता येत नाही. या शेवटाला 'फेड आऊट' म्हणतात.

आवाज कमी करण्याचं काम स्टुडिओतला साउंड इंजिनिअर करतो. पण असा शेवट जमणार की फसणार, हे बरंचसं आधी कागदावर ठरतं. शेवटच्या चार ओळींत काय लिहिलंय आणि कुठला शब्दसमूह पुन्हा पुन्हा येणार आहे, यावर ते अवलंबून असतं.

आधी दार बंद व्हायचं

विरत जाणारा शेवट रेकॉर्डिंगच्या तंत्रातूनच आला असं वाटतं, पण तसं नाही. इंग्लिश संगीतकार गुस्ताव होल्स्ट यांची 'द प्लॅनेट्स' ही रचना 1918 मध्ये लंडनमध्ये पहिल्यांदा सादर झाली. तिच्या 'नेपच्यून' या शेवटच्या भागात स्त्रियांचा गायकवृंद रंगमंचावर नसतो. तो शेजारच्या खोलीत बसून गातो. शेवटी त्या खोलीचं दार हळूहळू बंद केलं जातं आणि सुरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा गायला जातो, आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत.

पुढे रेकॉर्डिंगमध्ये दाराचं काम आवाज कमी करणाऱ्या बटणाने केलं. बीटल्सचं 1968 मधलं 'हे जूड' हे याचं प्रसिद्ध उदाहरण. सात मिनिटांपेक्षा मोठ्या या गाण्याचा अर्ध्याहून अधिक वेळ एकाच तुकड्याच्या पुनरावृत्तीत जातो.

आपल्याकडे शेवट करण्याची ओळखीची पद्धत याच्या उलट आहे. तिहाईत एकच तुकडा तीनदा येतो आणि तिसऱ्यांदा नेमका समेवर संपतो. तिथे पुनरावृत्ती गाणं बंद करते. फेड आऊटमध्ये तीच पुनरावृत्ती गाणं उघडं ठेवते. म्हणून तिच्यासाठी शब्दही वेगळे लागतात.

शब्द कोणता निवडायचा?

एक उदाहरण घेऊ. गाणं गावात मागे राहिलेल्या बाईचं आहे. नवरा कामासाठी शहरात गेलाय. मराठी माणूस घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. ध्रुवपदात 'येतो म्हणून गेला' हे वाक्य पूर्ण येतं.

शेवटी हेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं तर? प्रत्येक वेळी 'गेला'पाशी पूर्णविराम येतो. सहा वेळा म्हटलं की सहा वेळा गाणं संपल्यासारखं वाटतं. त्यानंतर आवाज विरला, तर कुणीतरी मध्येच गाणं कापलंय असं वाटतं.

उपाय सोपा आहे. क्रियापद काढून टाकायचं. 'येतो म्हणून' एवढंच ठेवायचं. हे वाक्य अर्धवट आहे, ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघतो. बाईही वाटच बघतेय. ध्रुवपदात 'गेला' आधी येऊन गेलेलं असल्यामुळे अर्थ कळायला अडचण येत नाही.

शब्दाचा शेवटचा आवाजही पाहावा लागतो. आ, ओ, ऊ हे स्वर लांबवता येतात आणि न, म यांची गुणगुण करता येते. क, ट, च यांवर आवाज तुटतो. 'म्हणून'मधला 'णू' लांबवता येतो आणि 'न' हळूच विरतो.

चार ओळींची मांडणी

आता शेवटच्या चार ओळी पाहू.

फाट्यावरची एसटी गेली, धुरळा खाली बसला
ओट्यावरती अर्धा कप तो थंड होउनी उरला
दार लोटले, कडी न लावली, येतो म्हणून
येतो म्हणून, येतो म्हणून...

पहिल्या दोन ओळी लांब आहेत आणि चित्र दाखवतात. सांगायचं ते सगळं इथेच सांगून व्हायला हवं. तिसरी ओळ सर्वात महत्त्वाची. तिच्या पहिल्या भागात शेवटची नवी गोष्ट येते: दार लोटलंय, पण कडी लावलेली नाही. का, याचं उत्तर म्हणून लगेच 'येतो म्हणून' येतं. म्हणजे पुनरावृत्ती बाहेरून जोडलेली वाटत नाही, वाक्यातूनच सुरू होते. चौथ्या ओळीत नवीन काहीच नाही.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे चौथ्या ओळीत आणखी एक छान कल्पना घालणं. आवाज कमी होत असताना नवा शब्द आला की ऐकणारा कान टवकारतो आणि नेमकं तेव्हाच ऐकू येत नाही. विरणारा शब्द आधीच ओळखीचा असेल, तर तो पुसट झाला तरी मनात पूर्ण होतो.

किती वेळा म्हणायचं?

गाणं केरव्यात आहे असं धरू. केरव्याचं एक आवर्तन 8 मात्रांचं असतं. 'येतो म्हणून' हे शब्द सावकाश पसरून पूर्ण 8 मात्रांत गायले, तर गायिकेला श्वास घ्यायला जागाच उरत नाही. म्हणून ते पहिल्या 4 मात्रांत गायचे आणि उरलेल्या 4 रिकाम्या ठेवायच्या. तिथे बासरी किंवा हार्मोनियम उत्तर देऊ शकते.

मिनिटाला 80 मात्रांची लय असेल, तर एक आवर्तन 6 सेकंदांचं होतं. सहा वेळा म्हटलं की 36 सेकंद. पहिल्या दोन वेळा आवाज पूर्ण ठेवायचा, म्हणजे हे आता असंच चालू राहणार, हे ऐकणाऱ्याला कळतं. पुढच्या चार आवर्तनांत, म्हणजे 24 सेकंदांत, आवाज उतरवायचा. पहिल्याच वेळी उतरवायला सुरुवात केली, तर फोनचा आवाज कमी झालाय असं वाटतं.

गायिकेने मात्र सहा नाही, नऊ-दहा वेळा गाऊन ठेवावं. आवाज शून्यावर पोहोचण्याआधी गाणं थांबलं, तर शेवट तुटलेला कळतो. गाताना तिने स्वतःहून हळू व्हायचं नाही आणि शेवटी 'सा'वर येऊन थांबायचं नाही. ती थांबली की गाणं संपलं, मग विरायला काही उरत नाही.

उतारही सरळ रेषेत नसावा. आवाजाची पातळी एकसारख्या गतीने कमी केली, तर बराच वेळ फरक जाणवत नाही आणि शेवटी आवाज एकदम पडतो. म्हणून सुरुवातीला थोडा जास्त आणि पुढे अगदी सावकाश असा वक्र उतार देतात.

जमलंय की नाही, कसं ओळखायचं?

शेवटचा शब्दसमूह एकटाच मोठ्याने म्हणून पाहावा. ऐकणाऱ्याने 'मग?' असं विचारलं, तर तो विरायला योग्य आहे. 'बरं' म्हणून मान डोलावली, तर वाक्य पूर्ण झालंय.

दुसरी तपासणी फोनच्या स्पीकरवर, रस्त्याच्या गोंगाटात करावी. तिथे शेवटची दोन आवर्तनं ऐकूच येत नाहीत. तरीही गाण्याचा अर्थ पूर्ण पोहोचायला हवा. पोहोचत नसेल, तर महत्त्वाचं काहीतरी खूप उशिरा लिहिलं गेलंय आणि ते तिसऱ्या ओळीच्या आधी आणायला हवं.

या पद्धतीची एक मर्यादा आहे. कार्यक्रमात हा शेवट जसाच्या तसा करता येत नाही. तिथे वाद्यं एकेक करून थांबवतात आणि गायिका माइकपासून हळूहळू दूर जाते. किंवा सरळ तिहाई घेऊन गाणं संपवतात. पण या गाण्यात तिहाई घेतली, तर तिसरं 'येतो म्हणून' समेवर ठामपणे पडेल आणि न लावलेली कडी लागल्यासारखी होईल.