संस्कृत संधिविचारातील ‘नित्य’ आणि ‘विकल्प’ : ‘वाङ्मय’ शब्दाच्या आधारे एक अभ्यास

प्रस्तावना :
संधी शब्दाच्या आत झाला तर अंतर्गत व दोन शब्दांमध्ये झाला तर बाह्य. पहिला नित्य, दुसरा वैकल्पिक, अशी विभागणी सर्वसाधारणपणे केली जाते. विल्यम ड्वाइट व्हिट्नी यांच्या १८७९ च्या संस्कृत व्याकरणातही अंतर्गत व बाह्य असे दोन भाग आढळतात. तथापि ही सीमारेषा नेमकी कोठे पडते, याचा विचार पाणिनीने अधिक सूक्ष्मपणे केला आहे. प्रस्तुत लेखात त्याचे एका उदाहरणाच्या आधारे विवेचन केले आहे.

पदान्त हा निकष :
‘वच्’ धातूला ‘मि’ प्रत्यय लागून ‘वच्मि’ (मी बोलतो) हे रूप होते. येथे चकार अबाधित राहतो. मात्र ‘वाच्’ या नामाला ‘मय’ प्रत्यय लागताच चकाराचा ककार, ककाराचा गकार व गकाराचा ङकार होऊन ‘वाङ्मय’ सिद्ध होते. दोन्ही ठिकाणी चकारापुढे प्रत्ययाचा मकारच आहे. मग हा भेद का? कारण ‘मय’पूर्वीच्या ‘वाच्’ला पाणिनी ‘पद’ ही संज्ञा देतो (१.४.१७). त्यामुळे शब्दाच्या पोटात असूनही तेथे पदान्ताचे नियम लागू होतात. याच न्यायाने ‘वाचा’ आणि ‘वाग्भिः’ ही एकाच नामाची रूपे वेगळी दिसतात. व्हिट्नी यांनीही ‘भिः’सारख्या प्रत्ययांपूर्वी बाह्य संधीचेच नियम चालतात, हे नोंदविले आहे.

विकल्पाचे दोन अर्थ :
पदान्त व्यंजनापुढे अनुनासिक आल्यास होणारा बदल पाणिनीने वैकल्पिक मानला (८.४.४५). म्हणून ‘वाक्’ व ‘मम’ ही पदे सलग उच्चारताना ‘वाग्मम’ किंवा ‘वाङ्मम’ दोन्ही शुद्ध ठरतात. या नियमानुसार ‘वाग्मय’ हे रूपही शुद्ध ठरले असते. कात्यायनाने वार्तिक जोडून, लौकिक भाषेत प्रत्ययापूर्वी हा बदल नित्य होतो, असे स्पष्ट केले. ‘चिन्मय’ हा शब्दही याच वार्तिकाने सिद्ध होतो.

याहून निराळा विकल्प वक्त्याच्या हाती असतो. परंपरेनुसार एका पदात, धातू व उपसर्ग यांच्यात आणि समासात संहिता, म्हणजे वर्णांचे निकट सान्निध्य, अनिवार्य असते. वाक्यात ती वक्त्याच्या इच्छेवर अवलंबून असते. वक्ता दोन पदांमध्ये थांबला तर संधी होत नाही. परंतु न थांबता ‘ते अत्र’ म्हटल्यास ‘तेऽत्र’ होणे अटळ आहे. म्हणजे येथे ऐच्छिक आहे ते थांबणे, नियम नव्हे.

निष्कर्ष :
अंतर्गत-बाह्य हा भेद स्थानाचा असून नित्य-वैकल्पिक हा भेद प्रवृत्तीचा आहे. ‘वाङ्मय’मध्ये संधी पदान्ताचा आहे, तरीही तो नित्य आहे. मराठीने हा शब्द सिद्ध रूपातच स्वीकारल्यामुळे मराठी भाषकाला ‘वाग्मय’ हा पर्याय कधी जाणवतच नाही.