गर्दी मोजणाऱ्या चौकटींची कुळकथा

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात स्प्राउल प्लाझा नावाचं मोठं फरसबंद पटांगण आहे. १९६४ साली विद्यार्थ्यांची भाषणस्वातंत्र्याची चळवळ इथेच पेटली. पुढे व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातल्या सभाही इथेच भरत. या पटांगणाकडे उघडणाऱ्या एका खिडकीमागे हर्बर्ट जेकब्ज यांची खोली होती. ते पत्रकारिता शिकवत, पण त्याआधीचा त्यांचा जन्म वार्ताहर म्हणून गेला होता. वास्तुकलेच्या अभ्यासकांना हे नाव वेगळ्याच कारणाने माहीत असतं. बेताच्या पगारात परवडेल असं घर बांधून द्या, असं फ्रँक लॉइड राइट यांना सांगणारे वार्ताहर हेच. मॅडिसनमधलं त्यांचं ते घर आज जागतिक वारशाच्या यादीत आहे.

सभा झाली की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोन आकडे यायचे, एक आयोजकांचा आणि एक पोलिसांचा. दोन्हींत पुष्कळ अंतर असे आणि दोन्हींमागे मोजमाप कसलंच नसे. जेकब्ज यांच्यातल्या जुन्या वार्ताहराला हे खटकलं. खिडकीतून पाहताना त्यांच्या ध्यानात आलं की पटांगणाची फरसबंदी सारख्या मापाच्या चौकटींत विभागलेली आहे. मग काही चौकटींतली माणसं मोजायची, एका चौकटीत सरासरी किती ते काढायचं आणि गर्दीने व्यापलेल्या चौकटींच्या संख्येने गुणायचं, एवढंच काम उरलं. १९६७ साली ‘कोलंबिया जर्नालिझम रिव्ह्यू’ या नियतकालिकात त्यांनी ही रीत मांडली. आज जगभर गर्दीचे अंदाज ज्या पद्धतीने होतात, तिचं मूळ या फरशीत आहे.

चौकटी प्रत्येक मैदानावर आखलेल्या नसतात. म्हणून जेकब्ज यांनी दाटीची मापं ठरवून दिली, आणि माझ्या मते त्यांचं खरं देणं तेच आहे. माणसं एकमेकांपासून हातभर अंतरावर उभी असतील, मधून सहज चालत जाता येत असेल, तर ती विरळ गर्दी. तिथे माणशी १० चौरस फूट धरायचे. खांद्याला खांदा जवळ आला, पण अजून वाट काढत पुढे सरकता येतं, ती दाट गर्दी. तिथे माणशी साडेचार चौरस फूट. आणि मंचासमोर जिथे हात वर करायलाही मुश्कील होतं, तिथे माणशी अडीच चौरस फूट. मीटरमध्ये सांगायचं तर एका चौरस मीटरमध्ये पहिल्या प्रकारात साधारण एक, दुसऱ्यात दोन ते अडीच आणि तिसऱ्यात चार जण.

घाईत असलेल्या वार्ताहरासाठी त्यांनी याहून सोपी युक्तीही सांगितली होती. गर्दीची लांबी आणि रुंदी फुटांत मोजा, दोन्हींची बेरीज करा, विरळ गर्दी असेल तर ७ने आणि दाट असेल तर १०ने गुणा. २०० फूट लांब आणि १०० फूट रुंद गर्दी घ्या. बेरीज ३००, गुणिले ७ म्हणजे २,१००. क्षेत्रफळाने काढलं तर २०,००० चौरस फूट भागिले १०, म्हणजे २,०००. उत्तर सुरेख जुळतं. पण हजार फुटी चौरस मैदान घेतलं तर या युक्तीने १४,००० येतात आणि क्षेत्रफळाने एक लाख! कारण उघड आहे. मैदानाच्या दोन्ही बाजू दुप्पट झाल्या की माणसं चौपट मावतात, बेरीज मात्र दुप्पटच होते. कॉलेजच्या पटांगणापुरती ही युक्ती चालते, मोठ्या सभेसाठी ती कधीच वापरू नये.

चौकटींची मोठी परीक्षा झाली वॉशिंग्टनमध्ये. तिथल्या नॅशनल मॉल या लांबलचक हिरवळीवर भरणाऱ्या सभांचे अंदाज पार्क सर्व्हिस हे सरकारी खातं हवाई पाहणी आणि चौकटी वापरून देत असे. १६ ऑक्टोबर १९९५ रोजी लुई फराखान यांच्या हाकेवरून कृष्णवर्णीय पुरुषांचा प्रचंड मेळावा तिथे भरला. त्याचं नावच ‘मिलियन मॅन मार्च’ होतं, म्हणजे दहा लाखांचा आकडा सभेआधीच ठरलेला. खात्याने अंदाज दिला चार लाख. फराखान यांनी कोर्टात खेचण्याची धमकी दिली.

मग बॉस्टन विद्यापीठातले फारूक एल-बाझ यांनी छायाचित्रांवरून नव्याने मोजणी केली. हे मूळचे इजिप्तचे भूवैज्ञानिक. अपोलो मोहिमेत चंद्राची छायाचित्रं वाचून उतरण्याच्या जागा शोधण्याच्या कामात ते होते. वरून घेतलेल्या चित्रातल्या बारीक ठिपक्यांचा अर्थ लावणं हाच त्यांचा व्यवसाय. त्यांचा पहिला अंदाज आला ८,७०,००० आणि त्यात चूक २५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे. पुढे अधिक चांगली चित्रं हाती आल्यावर त्यांनी तो सुधारून ८,३७,००० केला आणि चूक २० टक्क्यांवर आणली. म्हणजे खरी संख्या साधारण पावणेसात लाख ते दहा लाख यांच्या दरम्यान.

मैदान एकच, दिवस एकच, आणि अंदाजांत दुपटीहून जास्त फरक. मैदानाच्या मापावरून असा फरक पडत नाही, लांबी-रुंदी नकाशावर कुणालाही मोजता येते. वादाला जागा मिळते ती दाटीत. विरळ की दाट हे डोळ्यांनी ठरवलं आणि तिथे एक पायरी चुकली, की आकडा सरळ दुप्पट किंवा निम्मा होतो. त्यातून दाटी सगळीकडे सारखी नसते. मंचापुढे आणि ध्वनिक्षेपकांजवळ ती जास्त, कडांना आणि झाडांपलीकडे कमी. पुढच्या भागातली दाटी साऱ्या मैदानाला लावली की आकडा फुगतो. मंचावरून समोर रोखलेला कॅमेरा हेच करतो. तिरप्या कोनातून डोक्यांमागे डोकी दिसतात आणि मधली मोकळी जमीन झाकली जाते. म्हणून चित्र जितकं डोक्यावरून सरळ खाली पाहणारं, तितकं ते विश्वासाचं. मैदानाचे दाटीनुसार निदान तीन-चार पट्टे पाडावेत, प्रत्येक पट्ट्यातल्या काही चौकटी खरोखर मोजाव्यात आणि मगच बेरीज करावी.

त्या वादानंतर १९९६ साली अमेरिकी संसदेने पार्क सर्व्हिसचं हे काम थांबवलं. दाटीची मोजणी सुधारण्याऐवजी मोजणीच बंद केली, हे मला अजूनही दुर्दैवी वाटतं. पुढे प्रत्येक सभेला ज्याचा त्याचा आकडा मोकळा झाला. २०१७ साली ट्रम्प यांचा शपथविधी आणि दुसऱ्या दिवशीचा महिलांचा मोर्चा यांच्या गर्दीवरून रण माजलं, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मँचेस्टरचे गर्दीशास्त्रज्ञ कीथ स्टिल यांच्याकडून तुलना करून घेतली. मॉलच्या परिसरात शपथविधीला सुमारे १,६०,००० आणि मोर्चाला निदान ४,७०,००० असे ते अंदाज होते. रीत तीच, चित्राचे पट्टे आणि प्रत्येक पट्ट्याची दाटी.

चौकटीला एक गोष्ट मात्र दिसत नाही, ती म्हणजे वेळ. छायाचित्र त्या क्षणी किती जण होते ते सांगतं, दिवसभरात किती आले ते सांगत नाही. समजा, खुली सभा पाच तास चालली आणि दर तासाला घेतलेल्या चित्रांवरून १०, २०, ३०, २५ आणि १५ हजार माणसं निघाली. सर्वांत मोठा आकडा ३० हजार. पण पाचही आकड्यांची बेरीज एक लाख होते, म्हणजे माणसांनी मिळून एक लाख तास तिथे घालवले. बाहेर पडणाऱ्या काहीजणांना विचारल्यावर एकेकजण सरासरी दोन तास थांबल्याचं कळलं, तर येऊन गेलेले झाले ५० हजार. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. बातमीत कोणता छापला हे सांगितलं नाही, तर भांडण ठरलेलं.

वाटा ठरावीक असतील तर दारावरची मोजणी याला ताळा देते. प्रत्येक दाराशी दर दहा मिनिटांतलं एक मिनिट मोजायचं, आत जाणारे वेगळे, बाहेर येणारे वेगळे, आणि दहाने गुणायचं. आत गेलेल्यांतून बाहेर आलेले वजा केले की मैदानात आता किती हे कळतं, आणि ते त्याच वेळच्या चौकटींच्या आकड्याशी जुळायला हवं. जुळलं नाही तर एखादी वाट मोजायची राहिली किंवा दाटी चुकली. चहापाण्याला बाहेर जाऊन परतणारा माणूस आत जाणाऱ्यांत दोनदा मोजला जातो, म्हणून आत गेलेल्यांची नुसती बेरीज नेहमी जरा जास्तच येते.

चालत्या मोर्चाची गोष्ट आणखी अवघड, आणि ती सोडवली हाँगकाँगने. १ जुलै २००३ रोजी तिथे राष्ट्रीय सुरक्षेच्या प्रस्तावित कायद्याविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला. आयोजकांनी पाच लाखांचा आकडा सांगितला. त्यानंतर दरवर्षी निघणाऱ्या १ जुलैच्या मोर्चांवर हाँगकाँग विद्यापीठातले पॉल यिप आणि इतर संख्याशास्त्रज्ञ मोजणीचे प्रयोग करत राहिले. एकाच ठिकाणी उभं राहून मोजलं तर पुढे सामील होणारे सुटतात. म्हणून वाटेवर दोन ठिकाणी मोजायचं आणि दुसऱ्या ठिकाणी काही माणसांना विचारायचं, पहिल्या ठिकाणावरून आलात का? समजा पहिल्या जागी ३० हजार मोजले, दुसऱ्या जागी ४० हजार, आणि दुसऱ्या जागच्या दहांपैकी सहा जण पहिल्या जागेवरून आलेले निघाले. म्हणजे ४० हजारांतले १६ हजार नवे. एकूण ४६ हजार. मधेच गळालेले पहिल्या मोजणीत आलेलेच असतात. पहिल्या जागेआधी घरी गेलेले आणि दुसऱ्या जागेनंतर मिसळलेले तेवढे सुटतात, म्हणून या दोन जागा विचार करून निवडाव्या लागतात.

आपल्याकडे हा हिशेब करून पाहायला मुंबईचं शिवाजी पार्क चांगलं आहे. ते सुमारे २८ एकर, म्हणजे १२ लाख चौरस फुटांच्या आसपास. मंच, त्यापुढची सुरक्षेची मोकळी जागा, झाडं, पायवाटा आणि बांधकाम वजा जाता गर्दीसाठी आठ लाख चौरस फूट उरले असं धरू. विरळ गर्दीने ते ८० हजारांत भरेल. कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत दाट गर्दी असेल तर पावणेदोन लाख. तीन लाखांवर जायचं तर मैदानाच्या प्रत्येक कोपऱ्यात माणशी अडीच चौरस फूट उरायला हवेत, आणि तशा दाटीत माणसं ढकलली जाऊ लागतात, चेंगराचेंगरीची भीती उभी राहते. लोक खाली बसलेले असतील तर उभ्यापेक्षा जास्त जागा लागते आणि आकडा आणखी उतरतो. बाहेरचे रस्ते भरले असतील तर ते जरूर धरावेत, पण तेही मोजून.

आता ड्रोनची चित्रं आहेत, उपग्रहाचे नकाशे प्रत्येक फोनवर आहेत, मैदानाचं क्षेत्रफळ दोन मिनिटांत निघतं. म्हणून वार्ताहर मित्रांना माझी विनंती आहे. पुढच्या सभेच्या बातमीत गर्दीचा आकडा छापाल तेव्हा त्यासोबत आणखी तीन गोष्टी छापा: आकडा किती वाजताचा, किती जागेवरचा आणि माणशी किती चौरस फूट धरून काढलेला. आणि एक आकडा न देता, कमीत कमी इतके आणि जास्तीत जास्त इतके, अशी मर्यादा द्या.