पूरमार्गण, लहान जलाशयातील
येणाऱ्या पुरावरून सांडव्याचा कमाल विसर्ग आणि लागणारा पूरसाठा काढण्याची रीत. आवक वजा विसर्ग म्हणजे साठ्यातील वाढ, हा तिचा आधार. बिनदरवाजी सांडव्यावर विसर्ग कमाल होतो तेव्हा तो ओसरत्या आवकेइतका असतो.

समजा, काठोकाठ भरलेल्या तलावात 4 तासांचा त्रिकोणी पूर आला. शिखर 60 घनमीटर प्रति सेकंद. पाणपसारा 16 हेक्टर, सांडवा 20 मीटर लांब, गुणांक 1.7. विसर्ग सरळ रेषेत वाढतो असे धरल्यास पूरसाठा 7,200 × (60 − कमाल विसर्ग) घनमीटर येतो. सांडव्यावरील पाण्याची उंची अंदाजाने घेत गेल्यास 1.05 मीटरला हा साठा पसाऱ्यावरून काढलेल्या साठ्याशी जुळतो: सुमारे 1.68 लाख घनमीटर. कमाल विसर्ग सुमारे 37 घनमीटर प्रति सेकंद. पसारा उंचीनुसार झपाट्याने वाढत असल्यास मात्र लहान कालखंडांत टप्प्याटप्प्याने गणित करावे लागते.